बेंच १६४, पोरं ३२४, तरी जागा पुरेना: अकरावी-बारावीच्या बैठक व्यवस्थेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, तिथलं एक कनिष्ठ महाविद्यालय. गावाचं, संस्थेचं नाव सांगत नाही आणि सांगून उपयोग पण नाही, कारण हेच चित्र आजूबाजूच्या चार तालुक्यात सापडेल. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स तिन्ही शाखा, अकरावी आणि बारावी दोन्ही. मी परीक्षा समितीत होतो म्हणून हे सगळं जवळून बघितलं. मुख्य काम परीक्षा प्रमुख मॅडम आणि ऑफिसातल्या क्लार्क सरांनी केलं आणि बेंचाचं सगळं शिपाई मामांनी.

प्रथम सत्र परीक्षा होती. दरवर्षी अकरावी सकाळी आणि बारावी दुपारी बसायची, एका बेंचवर दोघं, दोघंही एकाच पेपरवाले. त्यात काय होतं ते सगळ्यांना माहितंय. त्यामुळं ह्या वेळी प्राचार्यांनी सांगितलं की दोन्ही वर्ग एकाच वेळी बसवा, बेंचवर एक अकरावीचा आणि एक बारावीचा. पर्यवेक्षकांची दुपारची पाळी पण वाचते.

टाइमटेबल बोर्डासारखं होतं, म्हणजे इंग्रजी आणि भाषांच्या पेपरला सगळे, आणि शाखेचे पेपर वेगवेगळ्या वेळेला. फिजिक्सला फक्त सायन्स, इतिहासाला फक्त आर्ट्स असं.

आकडे असे. अकरावी सायन्स ८४, आर्ट्स ६०, कॉमर्स ३२, मिळून १७६. बारावी सायन्स ७०, आर्ट्स ५४, कॉमर्स २४, मिळून १४८. सगळे धरून ३२४.

खोल्या सहा आणि एक मोठा हॉल. खोली १ आणि २ मध्ये वीस-वीस बेंच, ३ आणि ४ मध्ये चोवीस-चोवीस, ५ आणि ६ मध्ये अठरा-अठरा, हॉलमध्ये चाळीस. एकूण १६४. हा आकडा मामांनी फिरून मोजलेला आहे, डेडस्टॉक रजिस्टरला १७० होते, पण त्यातले सहा मोडून व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेले. क्लार्क सर रजिस्टरवरूनच करायला निघाले होते, मामा म्हणाले, "सर, रजिस्टरावर पोरं बसत नसतेत, थांबा मी मोजून येतो." बरं झालं.

अडचण

१६४ बेंच, बेंचवर दोन, म्हणजे ३२८ जागा. पोरं ३२४. चार जागा उरतात, मग अडचण काय? मीटिंगमध्ये सगळे असंच म्हणाले आणि चहा पिऊन उठले.

पण अट काय होती, एका बेंचवर एकाच वर्गाचे दोघं नकोत. म्हणजे एका बेंचवर अकरावीचा जास्तीत जास्त एक. म्हणजे अकरावीची जास्तीत जास्त १६४ पोरं बसू शकतात, जागा ३२८ असू द्या नाहीतर काही असू द्या. आणि अकरावी १७६ होती. बारा पोरं बाहेर राहतात. दुसरीकडं बारावी १४८, त्यांच्या बाजूच्या सोळा जागा रिकाम्या. म्हणजे एकूण हिशोब जुळतो पण जोड्यांचा जुळत नाही. बैठक लावताना एकूण जागा मोजून काहीच कळत नाही, सगळ्यात मोठा जो गट एकच पेपर लिहिणार आहे त्याची संख्या बेंचच्या संख्येपेक्षा जास्त तर नाही ना, हे आधी बघायचं. हा एक ओळीचा हिशोब मॅडमनी संध्याकाळी घरी बसून केला आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाल्या, "सर, बारा जण उभे राहतेत."

दुसरी अडचण यादीची. सहा वर्गशिक्षकांनी सहा याद्या दिल्या होत्या. प्रत्येक शाखेचे रोल नंबर १ पासून सुरू, म्हणजे रोल नंबर १४ हा अकरावीतच तीन पोरांचा. कॉमर्सच्या सरांची यादी जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये, ती दुसऱ्या फाईलमध्ये पेस्ट केली की नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. एका यादीत रोल नंबर टेक्स्ट म्हणून साठवलेले (सेलच्या कोपऱ्यात तो हिरवा त्रिकोण दिसतो ना, तेच), त्यामुळं सॉर्ट केलं की १ नंतर १०, मग ११, मग १२, आणि २ कुठंतरी खाली. एरवी हे दिसत नाही, पण बैठक व्यवस्थेत यादीचा क्रम हाच बेंचचा क्रम असतो, क्रम चुकला की पोरगं भलत्याच खोलीत जातं.

पर्याय काय काय होते

आधी यादीचं. रोल नंबरला शाखेचं अक्षर लावावं, S-14, A-14 असं, हा पहिला विचार. पण ते सॉर्ट करताना परत तीच बोंब, S-1 नंतर S-10. म्हणून मॅडमनी सरळ परीक्षेपुरता आसन क्रमांक द्यायचं ठरवलं. अकरावीला ११००१ पासून १११७६, बारावीला १२००१ पासून १२१४८. वर्गात आधी सायन्स, मग आर्ट्स, मग कॉमर्स, आणि शाखेत रोल नंबरच्या क्रमानं. पहिले दोन अंक बघितले की पोरगं कुठल्या वर्गाचं ते कळतं, आणि ह्याचा पुढं फार उपयोग झाला. कॉमर्सची नावं ऑफिसच्या प्रवेश यादीतून युनिकोडमध्ये घेतली, कृतिदेवची फाईल सुधारत बसण्यात अर्थ नव्हता.

आता बारा पोरांचं. चार गोष्टी पुढं आल्या.

एक, शेजारच्या प्राथमिक शाळेतून बारा बेंच आणायचे. एक आणून बघितला, अकरावीचं पोरगं बसवलं, गुडघे वरच्या फळीला लागायले. तीन तास कोण बसणार त्याच्यावर. बाद.

दोन, बारा बेंचवर अकरावीचे दोघं-दोघं बसवायचे आणि त्यांच्यासाठी पेपरचा दुसरा सेट काढायचा. इंग्रजीच्या सरांनी स्पष्ट सांगितलं की एक सेट काढतानाच नाकी नऊ आले, दुसरा निघणार नाही. सेट नसेल तर बारा बेंचवर तेच जुनं चालू, आणि ते बारा बेंच कोणते हे दहा मिनिटात अख्ख्या कॉलेजला कळतं.

तीन, बेंचवर तिघं. मध्ये बारावीचा, दोन्ही बाजूला अकरावीचे. आपल्याकडचे बेंच दोघांचे, तिसरा निम्मा बाहेर. शिवाय उत्तरपत्रिका, पॅड, पाण्याची बाटली ठेवायची कुठं.

चार, फिजिक्सची लॅब. पाच लांब टेबल, स्टूल आहेत, एका टेबलावर तिघं अंतर ठेवून बसतात. सगळे अकरावीचे असले तरी मधलं अंतर बेंचपेक्षा जास्त. पंधरा जागा होतात, बारा लागतात. केमिस्ट्रीची लॅब मोठी होती, पण तिथं बाटल्या, गॅसचे नळ, तिथं परीक्षा नको असं सगळ्यांचंच मत पडलं. फिजिक्सच्या लॅबमध्ये सामान कपाटात कुलूप लावून ठेवता येतं. प्रश्न फक्त एक जादा पर्यवेक्षकाचा, तो सुटला.

लॅब ठरली.

एक आक्षेप शेवटपर्यंत होता तो पण लिहितो. एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं, अकरावीच्या शेजारी बारावीचा बसवला तर बारावीचा अकरावीला सांगेल, त्याचा मागच्या वर्षीचा अभ्यास झालेलाच आहे. मुद्दा खोटा नाही. पण बारावीच्या पोराला स्वतःचा पेपर लिहायचा असतो, आणि शेजारच्याचा प्रश्न वाचून उत्तर सांगायचं म्हटलं तर बोलावं लागतं, बोललेलं ऐकू येतं. एकच पेपर असला की नुसती मान वळवली तरी काम होतं, तिथं पर्यवेक्षकाला काहीच सापडत नाही. म्हणून हा आक्षेप ऐकून घेतला आणि पुढं गेलो.

शेवटचा निर्णय, रोज वेगळी बैठक का सगळ्या परीक्षेला एकच? रोज वेगळी केली तर शाखेच्या पेपरला पोरं एकत्र गोळा करून खोल्या भरता येतात. पण रोज नवीन यादी, रोज दारावर गर्दी, रोज नवीन चिठ्ठ्या. आणि आपली जोडी पेपरवर नाही, वर्गावर लावलेली, म्हणजे अकरावी-बारावीचा पेपर कोणत्याच दिवशी एक नसतो, त्यामुळं एकच बैठक सगळ्या दिवसांना चालते. एकच ठेवली.

प्रत्यक्षात काय केलं

क्लार्क सर दरवर्षी वर्डमध्ये टेबल काढून एकेक नंबर हातानं टाकायचे. मधी एक पोरगं वाढलं की खालचं सगळं परत. ह्या वेळी मॅडमनी एक्सेलमध्ये दोन शीट करायला लावल्या. एक Students, दुसरी Seats. मुख्य गोष्ट ही की जागांची यादी पोरांपासून वेगळी बनवायची. आधी फक्त जागा, खोली १ बेंच १ डावी, खोली १ बेंच १ उजवी, असं करत हॉलच्या चाळिसाव्या बेंचपर्यंत ३२८ ओळी, पोराचं नाव कुठंच नाही. मग प्रत्येक जागेवर अकरावी का बारावी ते ठरवायचं. आणि मग त्या वर्गाची पोरं क्रमानं जागांवर सोडायची.

Students मध्ये कॉलम असे: A मध्ये की, B वर्ष, C शाखा, D आसन क्रमांक, E नाव. की म्हणजे वर्ष आणि त्या वर्षातला कितवा, 11-1, 11-2 असं.

```
A2: =B2&"-"&COUNTIF(B$2:B2,B2)
```

Seats मध्ये A खोली, B बेंच, C त्या खोलीत एका उभ्या ओळीत किती बेंच, D आडवी रांग कितवी, E बाजू L किंवा R, F वर्ष, G की, H आसन क्रमांक, I नाव.

```
D2: =MOD(B2-1,C2)+1
F2: =IF(ISODD(D2)=(E2="L"),11,12)
G2: =F2&"-"&COUNTIF(F$2:F2,F2)
H2: =IFERROR(VLOOKUP(G2,Students!$A:$E,4,FALSE),"")
I2: =IFERROR(VLOOKUP(G2,Students!$A:$E,5,FALSE),"")
```

ह्यातला D कॉलम का आहे ते नीट सांगतो, कारण सगळा घोळ तिथं होणार होता.

नुसतं डावीकडं सगळे अकरावी, उजवीकडं सगळे बारावी असं केलं तर शेजारी वेगळा येतो पण पुढं-मागं तोच वर्ग येतो. पुढच्याच्या खांद्यावरून बघणं हे शेजारच्यापेक्षा सोपं असतं, हे मागच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणून एक बेंच सोडून एक बाजू उलटी करायची, पहिल्या बेंचवर अकरावी डावीकडं, दुसऱ्यावर उजवीकडं. क्लार्क सरांनी आधी हे बेंच नंबरवर केलं होतं, विषम बेंच असेल तर अकरावी डावीकडं, सम असेल तर उजवीकडं. शीटवर एकदम बरोबर दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, प्रिंट काढायच्या आधी एक खोली फळ्यावर काढून बघू. खोली १ काढली. चार उभ्या ओळी, एकेका ओळीत पाच बेंच. पहिल्या ओळीत बेंच १ ते ५, दुसऱ्या ओळीत ६ ते १०. आता बेंच १ आणि बेंच ६ हे दोन्ही पहिल्या आडव्या रांगेत, मध्ये फक्त चालायची वाट. बेंच १ विषम, डावीकडं अकरावी, उजवीकडं बारावी. बेंच ६ सम, डावीकडं बारावी, उजवीकडं अकरावी. म्हणजे वाटेच्या अलीकडं बारावी आणि पलीकडं पण बारावी, दोघं आमनेसामने. दुसऱ्या रांगेत हेच, फक्त बारावीच्या जागी अकरावी. अख्ख्या खोलीत वाटेच्या दोन्ही बाजूला एकच वर्ग.

खोली ३ काढली तर तिथं सगळं ठीक. का तर तिथं ओळीत सहा बेंच, दुसरी ओळ ७ पासून सुरू, ७ विषम, म्हणजे आपोआप जुळतं. खोली ५, ६ मध्ये पण सहाची ओळ, हॉलमध्ये आठची. फक्त खोली १ आणि २ मध्ये पाचची ओळ असल्यानं तिथंच बिघडायलं होतं. म्हणजे पाच खोल्या तपासल्या असत्या आणि ह्या दोन सोडल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. उपाय साधा, उलटसुलट बेंच नंबरवर नाही तर आडव्या रांगेवर करायची. पहिल्या रांगेतल्या सगळ्या बेंचवर अकरावी डावीकडं, दुसऱ्या रांगेत सगळ्यांवर उजवीकडं. मग शेजारी, पुढं, मागं आणि वाटेपलीकडं, चारी बाजूला दुसराच वर्ग येतो. D कॉलम त्याच्यासाठी.

त्याच्यासोबत एक नियम ठरला की बेंच नंबर प्रत्येक उभ्या ओळीत फळ्याकडूनच सुरू करायचे. मामांची सवय सापासारखं वळून नंबर टाकायची, पहिली ओळ पुढून मागं, दुसरी मागून पुढं, चालणं वाचतं म्हणून. तसं केलं तर खोली ३ चा बेंच ७ हा पहिल्या रांगेत न येता सहाव्या रांगेत येतो, आणि फॉर्म्युला त्याला पहिल्या रांगेतलाच धरतो. मामांना कारण सांगितलं तर म्हणाले, "मग काय, चालू की थोडं जास्त."

लॅबच्या ओळी Seats च्या शेवटी खोली ७ म्हणून टाकल्या, पंधरा जागा, तिथं वर्ष हातानं 11 भरलं.

मग तपासणी. Students मध्ये शेवटी एक कॉलम टाकला:

```
F2: =COUNTIF(Seats!H:H,D2)
```

प्रत्येक पोरासमोर 1 यायला पाहिजे. 0 आला तर पोराला जागाच नाही, 2 आला तर एक पोरगं दोन ठिकाणी. पहिल्यांदा लावलं तेव्हा बारावी कॉमर्सच्या दोघांपुढं 2 आले, बघितलं तर दोघांना एकच आसन क्रमांक दिलेला, यादीत एक ओळ हातानं टाइप केलेली होती. ते दुरुस्त झालं. डोळ्यानं तपासायला अजून एक सोपी खूण होती. प्रत्येक बेंचवरच्या दोन्ही नंबरांचे शेवटचे तीन अंक सारखेच यायले होते. खोली २ च्या पहिल्या बेंचवर ११०२१ आणि १२०२१, खोली ५ च्या पहिल्या बेंचवर ११०८९ आणि १२०८९. कुठल्याही बेंचवर जोडी जुळली नाही की समजायचं वर कुठंतरी ओळ सरकली.

ह्या क्रमामुळं एक फायदा न मागता मिळाला. दोन्ही वर्गात सायन्स आधी असल्यानं सायन्सची सगळी पोरं खोली १ ते ४ मध्ये बसली. फिजिक्स, केमिस्ट्रीच्या दिवशी चारच खोल्या उघडायच्या. आर्ट्सला खोली ४, ५, ६ आणि हॉल. कॉमर्सला हॉल आणि लॅब. बारावीच्या रिकाम्या सोळा जागा हॉलच्या शेवटच्या दोन ओळीत, बेंच २५ ते ४० वर आल्या, तिथं अकरावीचं एकेकच पोरगं. ह्या रिकाम्या जागा सगळ्या खोल्यात वाटाव्यात असं एकानं सुचवलं होतं, पण एका ठिकाणी राहिल्या तर गरज पडली की सापडतात, म्हणून तशाच ठेवल्या.

प्रिंट तीन प्रकारच्या काढल्या. गेटवर लावायला एकच पान, कोणते नंबर कोणत्या खोलीत एवढंच. प्रत्येक दारावर त्या खोलीचा नकाशा, रांगेप्रमाणं. आणि पर्यवेक्षकाला सहीची यादी, ती बेंचच्या क्रमानं, आसन क्रमांकाच्या क्रमानं नाही, म्हणजे सह्या घेत ओळीनं फिरता येतं. बेंचवर खडूनं नंबर टाकायची पद्धत होती, ती बंद केली, खडू पोरांच्या बाहीनं पुसला जातो, त्याऐवजी आसन क्रमांकाच्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवल्या.

काय झालं

इंग्रजीच्या दिवशी पेपर वेळेवर सुरू झाला, दारावर गर्दी फार झाली नाही. एक गोंधळ खोली ५ मध्ये सापडला, पेपरच्या अर्धा तास आधी. चिठ्ठ्या आदल्या दिवशी मामा आणि लॅबचे सहायक अशा दोघांनी चिकटवलेल्या. मामा बेंचवर बसणाऱ्या पोराची डावी बाजू धरत होते, सहायक फळ्याकडं पाठ करून उभं राहून आपली डावी. पुढच्या तीन रांगा एकानं केलेल्या, मागच्या तीन दुसऱ्यानं. एकट्यानं अख्खी खोली उलटी केली असती तरी काही बिघडत नव्हतं, आरशातल्यासारखं झालं असतं आणि उलटसुलट तशीच राहिली असती. पण अर्धी-अर्धी झाल्यानं तिसऱ्या आणि चौथ्या रांगेत पुढं-मागं एकच वर्ग आला. ते कळलं कसं तर मॅडम फेरी मारताना तिसऱ्या रांगेतल्या ११ च्या बरोबर मागं ११ दिसला. आसन क्रमांकाचे पहिले दोन अंक असे कामाला आले. मागच्या तीन रांगांच्या अठरा चिठ्ठ्या बेंचवरच्या बेंचवरच अदलाबदल केल्या, पाच मिनिटं लागली. सहीच्या यादीला काही झालं नाही कारण बेंच तोच राहिला.

लॅबमधल्या बारा जणांची तक्रार आली नाही, उलट मोठं टेबल मिळालं म्हणून खूश.

दुसरी अडचण उशिरा आली आणि तिचं उत्तर तेवढं चांगलं निघालं नाही. परीक्षेच्या दोन दिवस आधी अकरावी आर्ट्सला तीन पोरं बदलीवर दाखल झाली. त्यांना अकरावीचे पुढचे नंबर दिले, १११७७ ते १११७९, म्हणजे यादीत सगळ्यात शेवटी, म्हणजे लॅबमध्ये. लॅबच्या पंधरा जागा बरोबर भरल्या आणि इंग्रजीला काहीच अडचण नाही. पण आर्ट्सच्या पेपरला लॅब बंद. तीन पोरांसाठी लॅब उघडायची आणि एक पर्यवेक्षक बसवायचा का? नाही, त्यांना हॉलमध्ये मागच्या बेंचवर एकेकटं बसवलं, त्या दिवशी ते बेंच रिकामेच होते. बसवण्यात काही चूक नव्हती, पण सहीच्या यादीत त्यांची नावं लॅबच्या पानावर. हॉलच्या पर्यवेक्षकांनी खाली हातानं लिहून सह्या घेतल्या, आणि लॅबचं पान ऑफिसात कोरं परत गेलं, तर तिथं तिघं गैरहजर लागले. निकाल करताना क्लार्क सरांनी उत्तरपत्रिका मोजल्या तेव्हा तीन जास्त निघाल्या आणि ते जुळवण्यात एक दुपार गेली.

काय वेगळं करता येईल

उशिरा येणाऱ्या पोरांसाठी Students मध्ये प्रत्येक शाखेच्या शेवटी तीन-चार मोकळ्या ओळी आधीच ठेवायच्या, आसन क्रमांक देऊन, नावाच्या जागी "राखीव". मग आर्ट्सचं पोरगं आलं तर ते आर्ट्सच्याच खोलीत जातं. त्याची किंमत अशी की अकरावीच्या तीन शाखांच्या मिळून दहा-बारा जागा वाढतात आणि त्या बेंचवर नाहीतच, लॅब पुरत नाही. म्हणजे राखीव ओळी ठेवायच्या असतील तर मोडलेले सहा बेंच दुरुस्त करणं आधी, आणि ते हॉलमध्ये मावतात, मामांनी फूटपट्टीनं मोजून बघितलंय. सहा बेंच आले की अकरावीची मर्यादा १६४ ची १७० होते आणि लॅबच्या पंधरा धरून १८५. तीन आलेली पोरं धरून अकरावी १७९, म्हणजे राखीव फक्त सहा जागा निघतात. शाखेला दोन. तेवढ्या पुरतील असं मॅडमना वाटतं, मला शंका आहे, कारण बदलीवर येणारी पोरं एकटी येत नाहीत, गावातून टोळीनं येतात.

नंबर उशिरा दिलेल्या पोरांची सहीची यादी रोज त्या दिवशीच्या खोलीप्रमाणं काढायला पाहिजे होती. बैठक एकच ठेवायची हा निर्णय बरोबर, पण त्याच्यासोबत सह्यांचे कागद पण सगळ्या दिवसांचे एकदमच छापून टाकले, तिथं घाई झाली.

L आणि R ऐवजी नकाशावर "दाराकडची" आणि "खिडकीकडची" लिहावं अशी सूचना आली. खोली १ ते ६ ला जमतं, सगळ्यांचं दार एकाच बाजूला आहे. हॉलला दोन्ही बाजूला दारं आहेत, तिथं जमत नाही. मग ठरलं की चिठ्ठ्या चिकटवणारानं आधी बेंचवर बसायचं आणि मग चिकटवायची. सहायक म्हणाले चाळीस वेळा उठबस करायची का, तर मामा म्हणाले पहिल्या बेंचवर एकदा बसा अन् कोणता हात डावा ते लक्षात ठेवा.

बारावीच्या पूर्वपरीक्षेला हीच फाईल वापरायची म्हणून आता घेतलीय. तिथं अकरावी नसणार, एकच वर्ग, १४८ पोरं आणि एकच पेपर, म्हणजे जोडीच नाही, बेंचवर एकटं. १६४ बेंचला १४८ बसतात. Seats मधल्या R च्या सगळ्या ओळी काढून टाकल्या आणि F कॉलममध्ये सरसकट 12 भरलं की काम झालं. फक्त बोर्डाच्या सवयीसाठी एका ब्लॉकला २५ करा असं प्राचार्यांनी सांगितलंय, आणि एकही खोली २५ बेंचची नाही, खोली ३ आणि ४ मध्ये एक-एक बेंच सरकवून घ्यावा लागणार, बाकीच्यात ते पण जमत नाही. हॉलचे दोन ब्लॉक करून मध्ये दोरी बांधायची का, ह्याच्यावर अजून चाललंय.